व्हीपीएनवरून फक्त ऑफिसचं काम, व्हिडिओ थेट घरच्या लाइनवरून: करावं का, आणि कसं?

मीनल_सांगली | सोमवार, सकाळी १०.१२

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या सीए फर्ममध्ये आहे. हिशेब हे माझं काम, पण 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' म्हणत नेटवर्कही माझ्याच गळ्यात पडलंय. आम्ही नऊ जण. ऑडिटच्या दिवसांत सहा जण घरून काम करतात. ऑफिसात मायक्रोटिकचा राउटर आहे आणि त्यावर वायरगार्डचं व्हीपीएन. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने बसवून दिलं, तो आता बंगळुरूला गेला आणि फोन उचलत नाही.

ऑफिसची लाइन ५० एमबीपीएसची, दोन्ही बाजूंनी सारखी. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सात वाजता ऑफिसात बसलेल्यांचं रिटर्नचं पानही उघडेना. राउटरचा आलेख पाहिला तर डाउनलोड ४६ आणि अपलोडही ४६. दोन्ही रेघा जुळ्या भावांसारख्या एकत्र वर, एकत्र खाली. एकेकाला फोन केले. तिघं लॅपटॉपवर काहीतरी बघत होते, एकाचं विंडोज अपडेट चालू होतं, आणि व्हीपीएन सगळ्यांचंच चालू होतं. म्हणजे घरी बसून बघितलेला व्हिडिओसुद्धा आमच्या ऑफिसातून जात होता!

घरच्या सगळ्या लॅपटॉपवर फाइल अशी आहे:

```
[Interface]
Address = 10.66.0.5/32
DNS = 192.168.1.2

[Peer]
Endpoint = 198.51.100.7:51820
AllowedIPs = 0.0.0.0/0
PersistentKeepalive = 25
```

(चाव्या काढल्या आहेत, बाहेरचा पत्ता बदललाय.) ऑफिसचं नेटवर्क 192.168.1.0/24. कामाला लागतात फक्त दोन मशीन: .10 वर रिमोट डेस्कटॉप आणि .11 वर फायली. याला स्प्लिट टनेलिंग म्हणतात एवढं कळलंय. करू का? की धोका आहे?

---

आप्पा_निवृत्त | १०.३१

ऑफिसच्या वेळेत व्हिडिओ बघतातच कशाला? मूळ रोग तिथे आहे.

---

मीनल_सांगली | १०.४०

आप्पा, संध्याकाळचे सात वाजले होते हो. काम संपलं, व्हीपीएन बंद करायला विसरले. आणि त्यातली एक जण जीएसटीचा कोर्स बघत होती, तो आमच्याच सरांनी लावायला सांगितलाय.

---

पेठकर | १०.५५

सोपं आहे. राउटरवर जा, वायरगार्डच्या पीअरमध्ये allowed-address आहे तिथे 192.168.1.0/24 टाक. संपला विषय. लॅपटॉपला हात लावायची गरज नाही.

---

तारकरी | ११.२०

पेठकर, थांबा, थांबा. मीनलताई, असं अजिबात करू नका. राउटरवरच्या त्या रकान्यात त्या माणसाचा बोगद्यातला पत्ता असतो, म्हणजे 10.66.0.5/32. त्याचा अर्थ 'या चावीच्या मागे हा पत्ता राहतो' एवढाच. तिथे ऑफिसचंच नेटवर्क लिहिलं तर लॅपटॉप 10.66.0.5 म्हणून बोलतोय आणि राउटर म्हणतोय या चावीला तो पत्ता वापरायची परवानगी नाही. पाकीट तिथेच टाकून देईल. मग सहाही जणांचे फोन तुम्हालाच येतील.

कुठली वाट धरायची हे लॅपटॉप ठरवतो, म्हणून बदल लॅपटॉपच्या फाइलमध्ये. शब्द एकच, `AllowedIPs`, पण दोन टोकांना त्याचं काम वेगळं. भल्याभल्यांचा इथे घोटाळा होतो, पेठकरांना दोष नाही.

आता तुमच्या जुळ्या रेघांबद्दल. लॅपटॉपच्या फाइलमध्ये `0.0.0.0/0` म्हणजे 'जगातलं सगळं या बोगद्यातून'. व्हिडिओ आधी ऑफिसच्या लाइनवर उतरतो, तो डाउनलोड. तिथून राउटर तोच व्हिडिओ लगेच घरी पाठवतो, तो अपलोड. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ धरा ५ एमबीपीएस. तो तुमच्या ऑफिसात ५ आत येतो आणि ५ बाहेर जातो, आणि ऑफिसात तो कुणी बघतही नाही. अपडेटचंही तसंच, फक्त ते मिळेल तेवढी जागा खातं. डाउनलोड आणि अपलोड हातात हात घालून चालताना दिसले की समजायचं, लाइन धर्मशाळा झाली आहे.

तुमचं काम दोनच मशीनचं आहे तर ओळ अशी करा:

```
AllowedIPs = 192.168.1.10/32, 192.168.1.11/32
```

अख्खं 192.168.1.0/24 का नको, त्याला कारण आहे, पण आधी एक सांगा: घरी कुणाचा राउटर 192.168.1.1 वर आहे का?

---

कोकणची_वाट | ११.३४

आमच्याकडे पण हाच त्रास. यांचं व्हीपीएन चालू असलं की टीव्हीवरची मॅच अडकते. हे केलं तर टीव्ही नीट होईल का?

---

निशाचर | ११.४१

@कोकणची_वाट: तुमच्या यजमानांचं व्हीपीएन लॅपटॉपमध्ये आहे, टीव्हीला ते माहीतसुद्धा नाही. टीव्ही आधीपासूनच थेट जातोय. मॅच अडकत असेल तर लॅपटॉप घरची लाइन खातोय किंवा टीव्ही वायफायपासून लांब आहे. व्हीपीएन घरच्या राउटरवरच बसवलं असेल तरच टीव्ही त्यात सापडतो, ते तुमच्याकडे नसावं. यजमान व्हीपीएनवर असताना मोठ्या फायली चढवतात का ते बघा.

---

कोकणची_वाट | ११.५०

रोज साडेसातला बॅकअप का काहीतरी घेतात. बोलते आज.

---

बंदिस्त | १२.१५

मी विरोधात. मी एका मोठ्या कंपनीत सुरक्षेचं काम बघतो. फुल टनेलमध्ये लॅपटॉपचं सगळं जाणं-येणं आमच्या फायरवॉलमधून होतं. वाईट साइट तिथे अडते, नोंद राहते. स्प्लिट केलं की लॅपटॉपचा एक पाय बाहेरच्या इंटरनेटवर, दुसरा ऑफिसच्या सर्व्हरवर. बाहेरून काही घुसलं तर मधे कुणी नाही.

आणि काही ठिकाणी हा मताचा प्रश्नच नसतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामाची साखळी जिथपर्यंत येते तिथे एनआयएसटी ८००-१७१ ही नियमावली लागते, आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीतलं ३.१३.७ हे कलम स्प्लिट टनेलिंग रोखा असं सरळ सांगतं. आमच्या एका ग्राहकाने त्यावरून आख्खं ऑडिट थांबवलं होतं.

---

तारकरी | १२.४०

कलम खरं आहे आणि ज्याला लागू आहे त्याने पाळावं. पण बंदिस्त, तुमच्या फायरवॉलमध्ये तपासणी आहे म्हणून फुल टनेलला अर्थ आहे. मीनलताईंच्या राउटरवर तपासणी कसली? व्हिडिओ आत येतो आणि मान खाली घालून बाहेर जातो. चौकीदार नसलेल्या दारातून सगळ्यांना फिरवून आणण्यात सुरक्षा काय वाढली?

उलट दोनच पत्ते बोगद्यात ठेवले, आणि राउटरवर नियम लिहिला की 10.66.0.x वाल्यांना .10 वर ३३८९ आणि .11 वर ४४५ एवढीच दारं उघडी, तर आजच्यापेक्षा घर जास्त बंद होतं. आज व्हीपीएनमधून शिरलेल्याला ऑफिसातला प्रिंटर, कॅमेरा, सगळं दिसत असणार. आणि हा नियम राउटरवरच हवा. लॅपटॉपची फाइल ज्याची त्याला बदलता येते.

---

बंदिस्त | १२.५२

दारांचा मुद्दा मान्य. पण त्या सहा लॅपटॉपवर अँटिव्हायरस कोण बघतं? घरच्या लॅपटॉपवर मुलं गेम उतरवतात, आणि त्याच लॅपटॉपवरून संध्याकाळी .11 च्या फायली उघडतात.

---

मीनल_सांगली | १३.०५

लॅपटॉप फर्मचेच आहेत. अँटिव्हायरस आहे, पण नूतनीकरण झालंय का ते बघावं लागेल. गप्प बसते.

तारकरीदादा, तुम्ही विचारलंत म्हणून सगळ्यांकडून घरच्या राउटरचा पत्ता मागवला. चौघांचा 192.168.0.1, एकाचा 192.168.29.1, आणि प्रसादचा 192.168.1.1. आणि गंमत म्हणजे प्रसाद पहिल्यापासून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करतो! म्हणतो घरच्या वायफायवर व्हीपीएन जोडलं जातं पण सर्व्हर सापडत नाही. आम्ही इतके दिवस त्याच्या वायफायलाच नावं ठेवतोय.

---

तारकरी | १३.३०

हाच तो. प्रसादच्या वायफायचा काही दोष नाही.

त्याच्या लॅपटॉपला 192.168.1.10 हवा आहे. लॅपटॉप आपली यादी बघतो: 192.168.1.x तर माझ्याच घरातलं नेटवर्क, समोरच्या वायफायवर. मग तो घरातच हाका मारत बसतो, 'दहा नंबर कोण आहे रे?' बोगद्याकडे जातच नाही. `0.0.0.0/0` फार ढोबळ नोंद आहे आणि घरातली /24 नेमकी. यादीत नेहमी जास्त नेमकी नोंद जिंकते. हॉटस्पॉटवर मोबाइल वेगळे पत्ते देतो म्हणून तिथे भांडण नाही आणि काम चालतं.

आता तुम्ही 192.168.1.0/24 बोगद्यात टाकलं असतं तर दोन्हीकडे सारखीच नेमकी नोंद झाली असती, मग कधी चाललं असतं, कधी नाही. असा बिघाड शोधणं सगळ्यात वाईट. /32 म्हणजे एकच पत्ता, याहून नेमकं काही नाही. तो घरच्या /24 ला हरवतो. म्हणून प्रसादला राउटर न बदलता घरच्या वायफायवरून .10 आणि .11 मिळतील.

खरा इलाज म्हणजे कधीतरी ऑफिसचंच नेटवर्क 192.168.1.x वरून हलवून 10.37.0.x असं कुठेतरी नेणं. पण ऑडिटच्या दिवसांत त्याला हात लावू नका.

---

न्यूजर्सीकर | १४.१०

माझं उलट आहे. ऑफिसचं थेट जाऊ दे, पण मराठी मालिका भारतातल्या व्हीपीएनवरून दिसल्या पाहिजेत. तेही यातच बसतं का?

---

निशाचर | १४.१८

तत्त्व तेच, दिशा उलटी. पण तुमचा धागा वेगळा काढा काका, इथे ऑडिट चालू आहे. आणि त्या सेवेच्या अटी एकदा वाचा.

---

आप्पा_निवृत्त | १४.२५

सरकारने २०२२ सालीच व्हीपीएनवर बंदी घातली ना?

---

बंदिस्त | १४.३३

नाही आप्पा. २८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश होते, ते व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याबद्दल. कंपनीचं स्वतःच्या लोकांसाठी असलेलं व्हीपीएन त्यात नाही, हे त्यांच्याच प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलेलं आहे.

---

स्वयंभू | १५.०२

ओपनव्हीपीएनवाल्यांसाठी: आयटीला विचारत बसू नका. आपल्या फाइलमध्ये ही एक ओळ टाका, सर्व्हर सांगतो तरी सगळा ट्रॅफिक बोगद्यात जात नाही.

```
pull-filter ignore "redirect-gateway"
```

मी सहा महिने असंच चालवलं. मस्त.

---

बंदिस्त | १५.०९

सातव्या महिन्यात काय झालं?

---

स्वयंभू | १५.१५

आयटीचा फोन आला. :( 'तुमच्या लॅपटॉपवरून इंटरनेटचं एकही पाकीट येत नाही, तुम्ही काम करता ना?'

---

निशाचर | १५.२८

अगदी उलटाही प्रकार असतो. आमच्याकडे ओपनव्हीपीएन फुल टनेल होतं, आयटीला वाटायचं सगळं आत आहे. पण `redirect-gateway def1` फक्त आयपीव्ही४ वळवतो. माझ्या घरच्या लाइनला आयपीव्ही६ आहे आणि व्हिडिओच्या मोठ्या साइट आयपीव्ही६ वर चालतात. त्यामुळे व्हिडिओ पहिल्यापासून थेटच जात होता, कुणी न ठरवता झालेलं स्प्लिट टनेलिंग! ऑफिसच्या साइटना आयपीव्ही६ नाही, म्हणून त्या बोगद्यातून. मला तर आवडलं, पण आयटीच्या नोंदीत मी अत्यंत सज्जन दिसायचो.

आणि बंदिस्त, हे निव्वळ मजेसाठी करतात असंही नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मायक्रोसॉफ्टनेच कंपन्यांना सांगितलं होतं की टीम्सचा आवाज आणि चित्र बोगद्यात घालू नका, थेट सोडा. यूडीपीची ३४७८ ते ३४८१ ही दारं. बोगद्यात घातलं की बोलणं तुटतं.

---

वैदर्भीय | १६.०५

माझा अनुभव घ्या, कारण स्प्लिट करूनही माझं रडणं संपलं नव्हतं. मी नागपुरात, कंपनी जर्मनीतली. आयटीने स्प्लिट चालू करून दिलं, क्लायंटमध्ये मार्गांची यादी दिसते तिथे फक्त कंपनीचे पत्ते. तरी एका साइटवरचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ दर मिनिटाला गोल गोल फिरायचे. तोच व्हिडिओ फोनवर, त्याच वायफायवर, झकास.

शेवटी कारण निघालं डीएनएस. मार्ग वेगळे झाले होते पण नावं विचारायला लॅपटॉप अजून फ्रँकफर्टलाच जायचा. व्हिडिओ साइट बघते की विचारणारा जर्मनीत आहे, मग ती जर्मनीतल्या सर्व्हरचा पत्ता देते. आणि मग माझा लॅपटॉप इमानेइतबारे नागपूरहून थेट जर्मनीला जाऊन व्हिडिओ आणतो. बोगद्याबाहेरून, पण जर्मनीहून! पिंग करून बघितलं तर फोनवर १५-२० मिलिसेकंद आणि लॅपटॉपवर दीडशेच्या घरात.

आयटीने मग एक नियम लावला, की कंपनीच्या नावांपुरतंच कंपनीच्या डीएनएसला विचारायचं, बाकी घरच्या लाइनला. विंडोजवर तो असा:

```
Add-DnsClientNrptRule -Namespace ".corp.example" -NameServers "10.20.0.2"
```

त्या दिवसापासून शांतता.

---

तारकरी | १६.२०

फार महत्त्वाचा मुद्दा आणला, वैदर्भीय. एकच पुरवणी: प्रत्येक व्हिडिओ सेवा नावावरून सर्व्हर ठरवत नाही. काही मोठ्या सेवा तुमचा आयपी बघून ठरवतात, तिथे डीएनएस कुठलाही असला तरी जवळचाच मिळतो. म्हणून 'एक साइट झकास आणि दुसरी रडते' असं दिसलं की डीएनएसवर संशय घ्यायचा.

मीनलताई, यावरून आठवलं, तुमच्या फाइलमधल्या `DNS = 192.168.1.2` या ओळीचं काय करणार आहात?

---

मीनल_सांगली | मंगळवार, सकाळी ९.१५

हे तुम्ही काल चार वाजता लिहिलंत आणि मी तीन वाजताच बदल करून बसले होते. :(

स्नेहाच्या लॅपटॉपवर पहिला प्रयोग केला. `AllowedIPs` मध्ये दोन पत्ते, बाकी फाइल जशीच्या तशी. रिमोट डेस्कटॉप लगेच लागला. मी खूश. दहा मिनिटांत तिचा फोन: 'ताई, कुठलंही पान उघडायला दहा-बारा सेकंद लागतात, काही उघडतच नाहीत.' मला वाटलं झालं, स्प्लिट आपल्या नशिबात नाही. जुनी फाइल परत लावली.

---

तारकरी | ९.३२

नशिबाचा प्रश्न नाही, .2 चा आहे. फाइल सांगते नावं 192.168.1.2 ला विचारा. पण .2 तुम्ही बोगद्यात घेतलाच नाही, फक्त .10 आणि .11 घेतले. स्नेहाच्या घरी 192.168.0.x आहे, म्हणजे .1.2 साठीचा प्रश्न तिच्या घरच्या राउटरकडून बाहेर जातो आणि हवेत विरतो. लॅपटॉप उत्तराची वाट बघतो, मग दुसऱ्याला विचारतो. तेच ते दहा सेकंद.

ती ओळ पूर्ण काढून टाका. तुमचे लोक सर्व्हरला नावाने हाक मारतात की पत्त्याने?

---

मीनल_सांगली | ९.३८

रिमोट डेस्कटॉपला पत्ता. फायलींना `\\fileserver` असं नाव.

---

तारकरी | ९.४५

मग त्या एका नावासाठी नऊ माणसांच्या फर्मला डीएनएसचा नियम कशाला? सहा लॅपटॉपवर hosts फाइलमध्ये एक ओळ टाका:

```
192.168.1.11  fileserver
```

आणि झालं का ते ओळखायला दोन खुणा. एक, विंडोजच्या वायरगार्डमध्ये फाइल संपादन करताना खाली `Block untunneled traffic` अशी चौकट दिसायची ना? `0.0.0.0/0` गेलं की ती चौकट दिसेनाशी होते. दोन, हे चालवा:

```
tracert -d 192.168.1.10
tracert -d 1.1.1.1
```

पहिल्यात घरचा राउटर दिसता कामा नये; पहिल्या टप्प्याला नुसते `*` येतील, कारण तुमच्या राउटरचा बोगद्यातला पत्ता, बहुधा 10.66.0.1, आपण `AllowedIPs` मध्ये घेतलेला नाही. दुसऱ्यात पहिला टप्पा घरचा राउटर. दोन्हीकडे 10.66 दिसलं तर जुनीच फाइल चालू आहे.

अजून एक. जुनी फाइल टाकून देऊ नका, तिला `baher` असं इंग्रजी अक्षरांत नाव देऊन दुसरा बोगदा म्हणून ठेवा. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर तोच वापरा. चावी तीच चालते, फक्त दोन्ही एकदम चालू करू नका.

---

पेठकर | १०.०२

आता व्हीपीएनवाल्यांना इंटरनेट ऑफिसातून नकोच आहे, तर राउटरवरचा 10.66 वाल्यांना ऑफिसचा बाहेरचा पत्ता लावणारा मास्करेड नियम काढून टाक. म्हणजे कुणी चुकून जुनी फाइल लावली तरी लाइन सुरक्षित.

---

चहाबाज | १०.१०

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. कळत काही नाही, पण मालिकेपेक्षा बरं.

---

मीनल_सांगली | बुधवार, सायंकाळी ७.४०

ताजा अहवाल. काल रात्रीपर्यंत सहाही लॅपटॉप बदलले. tracert तुम्ही म्हणालात तसंच. आत्ता सात चाळीस झालेत, अपलोडची रेघ ३ ते ४ वर. डाउनलोड आपला आपला चाललाय, जुळं तुटलं.

पण दुपारी एक नवं निघालं. आमच्या एका ग्राहकाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे आणि त्यांनी ते फक्त आमच्या ऑफिसच्या पत्त्यालाच उघडं ठेवलंय. व्हीपीएनमुळे आजवर घरून चालायचं, आज सगळ्यांना 'परवानगी नाही'. त्यांच्याकडे तक्रार करणार होते, मग डोक्यात आलं की आता आपण त्यांना घरच्या पत्त्याने दिसतोय. त्या सर्व्हरचा पत्ता तिसरा म्हणून बोगद्यात टाकला (खरा देत नाही):

```
AllowedIPs = 192.168.1.10/32, 192.168.1.11/32, 203.0.113.25/32
```

चाललं! कुणालाही न विचारता. आणि पेठकर, तुमचं ऐकून तो मास्करेड नियम मी काढणारच होते. जेवायला गेले म्हणून वाचले.

---

पेठकर | ७.५२

:D जेवण महत्त्वाचं.

---

तारकरी | ८.०५

शाब्बास. तो नियम असू दे, त्याच्यामुळेच तुमची पाकिटं ऑफिसचा बाहेरचा पत्ता लावून त्या ग्राहकाकडे जातात. फक्त त्यांना एकदा विचारून घ्या की हा पत्ता कायमचा आहे का. त्यांनी सर्व्हर हलवला किंवा एखाद्या सीडीएनमागे नेला तर पत्ते बदलत राहतील, मग ही ओळ एक दिवस गुपचूप निकामी होईल. तेव्हा पहिला संशय यावर घ्या.

---

बंदिस्त | ८.२०

चांगलं झालं. तरी विचारतो: तुमच्या सरांनी उद्या विचारलं की 'अमुक दिवशी फर्मच्या लॅपटॉपवरून कुठे कुठे गेले', तर काय सांगणार? आधी निदान राउटरमधून जात होतं.

---

मीनल_सांगली | ८.२६

सरांनी आजच विचारलं. म्हणाले, 'म्हणजे आता मला कळणार नाही?' मी म्हटलं, सर, कळायची सोय आधीही होती, बघितलं कुणी कधी? ते म्हणाले विचार करतो. त्यांचे विचार मार्चपर्यंत चालतात.

---

स्वयंभू | ८.३०

सरांना म्हणावं बघू नका. अनुभवाचे बोल.

---

मीनल_सांगली | गुरुवार, सकाळी ११.०५

प्रसाद दोन वर्षांत पहिल्यांदा घरच्या वायफायवर काम करतोय. पण सकाळपासून त्याच्या घरचा प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतोय. व्हीपीएन बंद केलं की छापतो, चालू केलं की नाही. हे कशाने?

---

तारकरी | ११.१२

प्रिंटरचा पत्ता विचारा त्याला.

---

मीनल_सांगली | ११.२०

192.168.1.10.

---

निशाचर | ११.२२

म्हणजे प्रसाद सकाळपासून ऑफिसच्या सर्व्हरला कागद मागतोय!

---

तारकरी | ११.३०

घरच्या राउटरमध्ये प्रिंटरला .50 द्यायला सांगा, आणि लॅपटॉपवरचा जुना प्रिंटर काढून नवीन जोडायला लावा, नाहीतर तो .10 लाच शोधत राहील. .11 वर घरात काही नाही ना, तेही आत्ताच बघून घ्या.

---

मीनल_सांगली | ११.४४

.11 वर टीव्ही आहे.